घराच्या भिंती: राखेची वीट, लाल वीट की एएसी ब्लॉक?

वैशाली_सिन्नर

नमस्कार मंडळी. सिन्नरजवळ घर बांधतोय. तळमजला आणि वर एक मजला, आरसीसी फ्रेम. दोन्ही स्लॅब पडले, वरच्या स्लॅबचे टेकू मागच्या आठवड्यात काढले. आता वीटकाम सुरू करायचं तर घरात तीन मतं आहेत. सासरे म्हणतात लाल वीटच, नऊ इंची. ते स्वतः तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या लाल विटांच्या घरात राहतात आणि त्या घराला आजवर काही झालेलं नाही. ठेकेदार म्हणतो एएसी ब्लॉक, म्हणजे ते हलके सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे घ्या, काम लवकर उरकेल, शिवाय "लोड कमी होतो, स्टील वाचतं". शेजारचे काका म्हणतात एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख इतकी जवळ असताना राखेची वीट सोडून दुसरं काही घेणं म्हणजे पैसे फेकणं.

भाव नगाप्रमाणे विचारले तर लाल वीट ९ रुपये, राखेची ७ रुपये आणि चार इंची ब्लॉक ४६ रुपये असे मिळाले. ही तुलना कशी करायची तेच कळत नाही. ज्यांनी स्वतः बांधलंय त्यांनी कृपया सांगा.

बाळू_दादा

लाल वीट. डोळे झाकून.

शिरीष_संरचना

वैशालीताई, आधी भावाचं बघू, ते सोपं आहे. नगाला नगाशी तोलू नका, भिंतीच्या चौरस फुटाशी तोला. चार इंची भिंतीच्या १०० चौरस फुटांना नऊ बाय चार बाय तीनच्या साधारण ४५० विटा लागतात. दोन फूट बाय आठ इंचाचे ब्लॉक लागतात ७५. तुमच्या भावाने लाल विटेचे ४०५० रुपये, राखेच्या विटेचे ३१५० आणि ब्लॉकचे ३४५० होतात. विटेला वर वाळू-सिमेंटचा जाड सांधा लागतो, ब्लॉकला साधारण एक पोतं चिकट मसाला पुरतो. मजुरी धरली की राखेची वीट आणि ब्लॉक जवळजवळ बरोबरीत येतात. म्हणजे निर्णय पैशावर अडलेला नाही.

आता खरा प्रश्न. ठेकेदार म्हणतो स्टील वाचतं. पण ताई, तुमचे दोन्ही स्लॅब पडलेत! ज्या दिवशी सळ्या बांधल्या त्या दिवशीच स्टील ठरलं. हलक्या भिंतीचा फायदा आराखड्यात आधी घ्यावा लागतो, फ्रेम उभी राहिल्यावर तो मिळत नाही. पण याची उलटी बाजू जास्त महत्त्वाची आहे. आरसीसी डिझाईन करणाऱ्याने भिंती हलक्या धरून बीम काढले असतील आणि आता तुम्ही लाल वीट लावली, तर ते बीम कधी हिशोबात नसलेलं वजन उचलतील.

म्हणून आधी ड्रॉइंग काढा. पहिल्या पानावर कोपऱ्यात 'सर्वसाधारण सूचना' असतात. त्यात भिंत कशाची आणि किती जाडीची धरली आहे ते वाचून इथे लिहा. तोवर कुणाचंही ऐकून मालाची ऑर्डर देऊ नका, माझंसुद्धा.

चिपळूणची_मेघा

आमच्याकडे कोकणात विटांचा प्रश्नच येत नाही, जांभ्याचा चिरा! आजोबांच्या घराच्या चिऱ्याच्या भिंती अजून आहेत. उन्हाळ्यात आत गारवा असतो. बाहेरून गिलावासुद्धा केलेला नाही. तुम्ही चिरा का बघत नाही?

सुधाकर_नाना

मेघाताई, चिरा छानच, पण सिन्नरला तो घाट चढून येणार, वाहतुकीतच दम निघेल. शिवाय तो नऊ-दहा इंची जड भिंतीचा माल. ताईंचा प्रश्न फ्रेममधल्या भिंतीचा आहे.

बाकी एएसी ब्लॉकबद्दल माझं स्पष्ट मत: घेऊ नका. तो स्पंज आहे, पाणी पितो. मी स्वतः तुकडा बादलीत टाकून पाहिलाय, दुसऱ्या दिवशी चांगला जड झाला होता. बाथरूमच्या भिंतीला लावाल तर बेडरूमच्या बाजूने रंगाचे पापुद्रे सुटतील.

शिरीष_संरचना

नाना, तुमचा प्रयोग खरा आहे, निष्कर्ष अर्धा आहे. ब्लॉक मुळात हलका, त्यामुळे थोडं पाणी शिरलं तरी वजनाच्या टक्क्यात ते फार दिसतं. तुमचा तुकडा बादलीत सगळीकडून बुडालेला होता. भिंतीत त्याला एकच बाजू ओली मिळते, तीही गिलाव्याआडून. पण तुम्ही म्हणता ते दोन ठिकाणी तंतोतंत लागू आहे. जोत्याखाली एएसी कधीच नको. आणि बाथरूममध्ये फरशीच्या पातळीला पहिला थर ब्लॉकचा नको, तिथे सहा इंच काँक्रीटचा कठडा ओतून त्यावर ब्लॉक सुरू करायचा. त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर फरशीवरून भिंतीवर एक फूट तरी वळवून घ्यायचा. एवढं केलं नाही तर पापुद्रे सुटणारच, आणि ते लाल विटेलाही सुटतात.

वैशाली_सिन्नर

शिरीषदादा, ड्रॉइंग काढलं. अक्षरं बारीक होती, मोबाईलने फोटो मोठा करून वाचलं. लिहिलंय: बाहेरच्या भिंती १५० मिमी, आतल्या १०० मिमी, सर्व भिंती एएसी ब्लॉक. म्हणजे हे पहिल्यापासून ठरलेलं होतं आणि आम्हाला कुणी सांगितलंच नाही! सासरे तर उद्याच भट्टीवर इसार द्यायला निघाले होते.

अजून एक. वरच्या मजल्यावर आम्ही नंतर एक बदल केला. मोठ्या बेडरूमचे दोन भाग करायचे ठरवलं. ती दहा फुटांची भिंत जिथे येते तिथे खाली बीम नाही, ती थेट स्लॅबवर उभी राहील. चालेल का?

शिरीष_संरचना

बरं झालं विचारलंत. याच भिंतीचा हिशोब करू.

दहा फूट लांब, नऊ फूट उंच, म्हणजे साधारण ८.४ चौरस मीटर. चार इंची लाल वीट, दोन्ही बाजूंनी गिलावा धरला तर चौरस मीटरला साधारण २६० किलो. पूर्ण भिंत झाली २२०० किलोच्या आसपास. राखेची वीटही जवळपास तेवढीच जड असते, तिथे सुटका नाही. तीच भिंत १०० मिमी एएसीची केली तर गिलाव्यासकट चौरस मीटरला १२० किलो, म्हणजे सगळी मिळून हजार किलो.

फरक बाराशे किलोचा. सोळा-सतरा माणसं त्या एका रेषेवर खांद्याला खांदा लावून उभी करा, आणि ती कधी हलणारच नाहीत असं समजा. राहत्या खोलीच्या स्लॅबला आपण माणसं-सामानासाठी चौरस मीटरला २०० किलो धरतो, पण ते पसरलेलं वजन. भिंत एकाच रेषेत बसते. असा स्लॅब सहसा धाडकन पडत नाही, पण हळूहळू मध्ये खाली झुकतो. मग खालच्या खोलीच्या छताला मध्यभागी बारीक भेग येते, वरच्या भिंतीत दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, आणि लोक दोष गवंड्याला देतात.

माझं मत: ही भिंत वीट नकोच. एएसीसुद्धा डिझाईनरला दाखवून, त्याच्याकडून लेखी घेऊन. त्याने नाही म्हटलं तर जिप्सम बोर्डाची करा.

कविता_औसा

मी औशाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी दहा वर्षांची होते. किल्लारीकडच्या आमच्या नातेवाइकांचं घर दगड-मातीचं होतं, दोन-दोन हात रुंद भिंती. त्या भिंतींचा सगळ्यांना अभिमान होता, आणि माणसं त्याच भिंतींखाली गेली. तेव्हापासून "जाड भिंत म्हणजे मजबूत घर" हे वाक्य मला ऐकवत नाही. भूकंपात घराला जोर बसतो तो त्याच्या वजनाच्या प्रमाणात. वैशालीताई, सासऱ्यांना हे शांतपणे सांगा. त्यांची काळजी खरी आहे, पण आता घराची ताकद कॉलम-बीममध्ये आहे, विटेत नाही.

सुधाकर_नाना

कविताताई, हे मनापासून पटलं. मी जन्मभर जाड भिंतीचाच पक्षपाती.

अमोल_नगर

हे सगळं वाचून गप्प बसवत नाही. आमचं घर ठेकेदाराने सांगितलं म्हणून पूर्ण एएसीचं केलं. वर्षाच्या आत भेगाच भेगा. प्रत्येक बीमच्या खाली आडवी रेघ, कॉलमच्या कडेने उभी रेघ, आणि हॉलच्या मोठ्या भिंतीवर पायऱ्या-पायऱ्यांसारखी. दोनदा पुट्टी भरली, दोनदा परत उघडल्या. आज मी कुणालाही एएसी घ्या असं सांगणार नाही. इंजिनीअर लोक वजनाचं गणित सांगतात, पण रोज ती भेग बघायची कुणी?

दत्ता_मिस्त्री

अमोलभाऊ, मी बावीस वर्षं वीटकाम करतोय, त्यातली नऊ एएसीवर. तीन प्रश्न विचारतो. काम पावसाळ्यात झालं का? ब्लॉक ट्रकमधून उतरले आणि लगेच लागले का? आणि सांधा नेहमीच्या वाळू-सिमेंटचा अर्धा-पाऊण इंची होता का?

अमोल_नगर

काम जुलै-ऑगस्टमध्ये. ब्लॉक उघड्यावर होते, वर काही झाकलेलं नव्हतं. सांधा वाळू-सिमेंटचाच होता. गवंडी ब्लॉकवर पाइपने भरपूर पाणी मारायचा, मला वाटलं चांगलं काम करतोय.

दत्ता_मिस्त्री

तिथेच झालं. लाल वीट भिजवून लावतात म्हणून गवंडी ब्लॉकही भिजवतो. पण भिजलेली लाल वीट सुकताना फारशी आखडत नाही, ब्लॉक आखडतो. दोन फुटी एकेक ब्लॉक केसाएवढा लहान झाला तरी पंधरा फुटांच्या भिंतीत ते साठतं आणि जिथे जोड कच्चा तिथे फाटतं. कॉलमच्या कडेला, बीमच्या खाली.

माझी पद्धत सांगतो. साइटवर वजनकाटा ठेवतो. सहा इंची, दोन फूट बाय आठ इंचाचा ब्लॉक कोरडा असेल तर अकरा-बारा किलो भरतो. चौदा-पंधरा भरला तर तो ओला आहे, कंपनीतून ताजा आलाय किंवा पावसात भिजलाय. तो लावायचा नाही. फळ्यांवर रचून, वर ताडपत्री टाकून, बाजूने वारा लागू द्यायचा. आठवडे लागले तरी थांबायचं. लावताना फक्त ब्रशने धूळ झटकून पृष्ठभाग हलका ओला करायचा. सांधा तीन मिलिमीटरचा, चिकट मसाल्याचा, दातेरी थापीने पसरलेला. दिवसाला सात थरांवर जायचं नाही.

बीमखाली भिंत ठासून नेऊ नका. अर्धा ते पाऊण इंच फट सोडा आणि ती शेवटी भरा, तीही वरच्या मजल्यापासून सुरुवात करून खाली यायचं. कारण वरच्या भिंती उभ्या राहिल्या की खालचा बीम अजून थोडा झुकतो. फट आधीच भरली तर तो झुकताना तुमच्या भिंतीवर बसतो. खिडकीच्या तळाला आणि लिंटेलला पूर्ण लांबीची, दोन सळ्यांची आरसीसी पट्टी. कॉलम आणि भिंतीच्या जोडावर, बीमच्या खाली फूटभर रुंद कोंबडी जाळी ताणून ठोकायची, मग गिलावा. आणि गिलावा एक-सहाचा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, अर्धा इंच पुरे. एक-तीनचा कडक केला तर आत ब्लॉक मऊ आणि वर कवच कडक, कवच तडकणारच.

तुमच्या भेगांवर पुट्टी भरून उपयोग नाही. जोडावरचा गिलावा फूटभर रुंद पट्ट्यात काढा, फट नीट भरा, जाळी लावा, पुन्हा गिलावा करा. ब्लॉक आता सुकून आखडायचे तेवढे आखडलेत, परत उघडणार नाहीत. पायऱ्यांची भेग मात्र इंजिनीअरला दाखवा, ती बीम झुकल्याचीही असू शकते.

अमोल_नगर

दत्ताभाऊ, दोन वर्षांत एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर जोडाचं काम काढतो. पण एक म्हणतो: ज्या मालाला इतकी काळजी लागते तो साध्या गावच्या कामाला योग्य आहे का? लाल वीट चार चुका पोटात घालते.

दत्ता_मिस्त्री

ते खरं आहे. नाकारत नाही.

प्रवीण_भुसावळ

राखेच्या विटेबद्दल कुणी बोललंच नाही. आमच्याकडे दीपनगरच्या वीज केंद्राची राख, त्यामुळे गावात पाच-सहा कारखाने. माझं तळमजल्याचं घर राखेच्या विटेचं आहे, सात वर्षं झाली. वीट मापात एकसारखी, कडा धारदार, त्यामुळे आतून पातळ गिलाव्यात काम झालं.

पण एक अनुभव वाईट. दुसऱ्या खेपेला विटांचा रंग जरा गडद दिसला. हात फिरवला तर तळव्यावर राखाडी पूड. ड्रायव्हर म्हणाला परवाच्याच आहेत. ही वीट भट्टीत भाजत नाहीत, पाण्यावर पिकते. तिला दोन-तीन आठवडे पाणी आणि लावण्याआधी एकूण महिनाभर वय हवं. तीन दिवसांची वीट लावली तर ती भिंतीतच आखडते, तिला ताकदही येत नाही. मी अख्खी खेप परत पाठवली.

तपासायची सोपी रीत: पाच विटा घ्या, उन्हात नीट कोरड्या करा, वजन लिहा. चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसा, परत वजन. माझी ३ किलोची वीट ३ किलो ४५० भरली, म्हणजे पंधरा टक्के. वीसच्या वर गेली तर नको. भिजलेल्या विटेचा कोपरा नखाने उकरून बघा, भुगा निघाला तर तीही नको. हीच परीक्षा लाल विटेलाही लावा, भट्टीच्या कडेची कच्ची वीट लगेच पकडली जाते.

बाळू_दादा

राखेच्या विटेवर गिलावा धरत नाही, चकचकीत गुळगुळीत असते.

प्रवीण_भुसावळ

बाळूदादा, सांधे अर्धा इंच खरवडून ठेवले आणि आधी पातळ सिमेंट-वाळूचा थर फटकारून घेतला तर धरतो. माझ्याकडे सांधे न खरवडलेली एकच भिंत आहे, जिन्याखालची, आणि तीच पोकळ वाजते. म्हणजे तुमचं म्हणणं अगदी खोटं नाही.

शिरीष_संरचना

एक माहिती भर. १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटेत किमान २५ टक्के राख मिसळणं बंधनकारक केलं, पुढे हे अंतर वाढवलं गेलं. एकलहऱ्याच्या आसपासच्या लाल विटेत राख असेल तर ती भेसळ समजू नका. भाजणी नीट असेल तर ती वीट चांगली असते.

अंजली_अकोला

उन्हाचं कुणी बोलत नाही का? अकोल्यात मे महिन्यात ४५ अंश. आम्ही एएसी घेतला तो फक्त उष्णतेसाठी. खालच्या मजल्यावर फरक स्पष्ट आहे, पश्चिमेची भिंत संध्याकाळी हाताला तापलेली लागत नाही. पण वरचा मजला तरीही भट्टी! मग लक्षात आलं की वर उष्णता भिंतीतून कमी आणि गच्चीच्या स्लॅबमधून जास्त येते. गच्चीवर पांढरा परावर्तक रंग दिला तेव्हा कुठे वरच्या खोलीत झोपता येऊ लागलं. गारव्यासाठी ब्लॉक घेणार असाल तर गच्चीसाठी पैसे राखून ठेवा.

निखिल_ठाणे

एएसीच्या भिंतीवर टीव्ही, गीझर टांगता येतो का? आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये साधा खिळा फिरून बाहेर येतो.

दत्ता_मिस्त्री

साधा खिळा आणि लाकडी गुट्टी धरत नाही. ब्लॉकसाठी वेगळे लांब नायलॉन प्लग मिळतात, भोक हातोड्याचा झटका बंद ठेवून पाडायचं. गीझरला मात्र आरपार बोल्ट आणि मागे पत्र्याची पट्टी. वैशालीताई, तुमच्या घरात अजून भिंत उभी नाही, तर गीझर आणि किचनच्या कपाटांच्या जागी आत्ताच दोन थर काँक्रीटच्या ठोकळ्यांचे घालून घ्या. आणि वायरिंगच्या खाचा कटरने पाडायला लावा, छिन्नीने ठोकल्या तर चार इंची भिंत हलते.

वैशाली_सिन्नर

मंडळी, काल डिझाईनरकडे जाऊन आलो. सासरेही आले. त्यांनी प्रवीणदादांची परीक्षा भट्टीवरच्या विटांवर आधीच करून ठेवली होती, पाचपैकी दोन विटा वीस टक्क्यांच्या वर गेल्या.

वरच्या मजल्याच्या सगळ्या भिंती एएसीच, यात बदल नाही असं डिझाईनरने सांगितलं. बेडरूममधल्या त्या भिंतीला ते १०० मिमी ब्लॉकलासुद्धा तयार नव्हते, कारण स्लॅबचा गाळा मोठा आहे. ती आता जिप्सम बोर्डाची होईल. तळमजल्याच्या बाहेरच्या भिंतींना राखेची वीट वापरता येईल का, हे ते जोत्याचा बीम आणि पाया पुन्हा तपासून आठवड्याभरात सांगणार आहेत. नऊ इंची नाही, झालीच तर सहा इंची. सासऱ्यांना खाली तरी वीट हवी आहे, आणि कंपाउंडच्या भिंतीला लाल वीट वापरायची मुभा त्यांना मिळाली आहे.

एक शंका उरली. कॉलम नऊ इंची आहेत आणि बाहेरची भिंत सहा इंची. ती बाहेरच्या कडेला धरायची की आतल्या?

दत्ता_मिस्त्री

बाहेरच्या कडेला धरा, म्हणजे बाहेरून सपाट दिसेल आणि पाणी अडायला खाच राहणार नाही. आत कॉलम तीन इंच पुढे येईल, तिथे कपाटं बसवा. आणि हो, आता सप्टेंबर आहे, ब्लॉक मागवायची घाई नको. पाऊस थांबू द्या.

अमोल_नगर

आणि वजनकाटा विसरू नका.

सुधाकर_नाना

दत्ताभाऊ, बाहेरच्या कडेला धरली तर खिडकीवरच्या छज्ज्याची लांबी कमी पडणार नाही का? फ्रेमबरोबर छज्जे ओतून झाले असतील तर आधी ते मोजायला हवेत.

वैशाली_सिन्नर

नाना, छज्जे ओतलेले नाहीत, लिंटेलबरोबर ओतायचेत. पण बरं आठवण केलीत, उद्या सकाळी टेप घेऊन जाते.